बर्फ राखाडी, काळा पडदा धुरकट: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन कधी, किती आणि कुठल्या बाजूला

गुलमर्गला पहिल्यांदा गेलो ते जानेवारीत. गंडोल्यातून कोंगडोरीला उतरलो तर ऊन इतकं लख्ख, की गॉगल काढला की डोळे मिटत होते. मला वाटलं, एवढा उजेड म्हणजे फोटो नक्की पांढरे पडणार. म्हणून शहाणपणा करून एक्स्पोजर थोडं उणे केलं आणि तीनशे फोटो काढले. पुण्याला येऊन लॅपटॉपवर उघडले, तर सगळा डोंगर सिमेंटच्या रंगाचा आणि आमचे चेहरे काळवंडलेले. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तिथे राख पडते का हो?"

चूक कॅमेऱ्याची होतीच, पण मी ती दुरुस्त करायच्या ऐवजी वाढवली होती. बहुतेक नवशिके नेमकं हेच करतात, कारण इथे मनाला जे सुचतं त्याच्या बरोबर उलटं करायचं असतं. दुसऱ्या खेपेला नीट तयारी करून गेलो. त्यानंतर पांढऱ्या भिंती आणि काळोखे रंगमंच यांच्याशीही झटापट झाली. त्यातून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला फोटोचा उजेड आपण मुद्दाम वाढवायची किंवा कमी करायची, जी पद्धत बसली ती क्रमाने सांगतो.

लागणारं सामान

- P, A (कॅननवर Av) किंवा S (कॅननवर Tv) मोड असलेला कोणताही कॅमेरा. फोनवालेही वाचू शकतात, त्यांच्यासाठी पुढे वेगळा मुद्दा आहे.
- काढलेल्या फोटोवर हिस्टोग्राम कसा दाखवायचा याची माहिती. हिस्टोग्राम म्हणजे फोटोत काळं ते पांढरं काय किती आहे ते डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो बघताना वर-खाली बटण दाबलं किंवा DISP दाबलं की तो येतो.
- स्वतःचा तळहात. चेष्टा नाही, चौथ्या पायरीत लागेल.
- जमलं तर RAW फॉरमॅट, म्हणजे कॅमेऱ्याने JPEG बनवण्याआधीची कच्ची फाइल. नसला तरी चालेल, फक्त चुकायला जागा कमी राहील.

## १. मीटर काय गृहीत धरतो ते आधी समजून घ्या

कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. तो उजेड जास्त का आहे, ऊन कडक आहे म्हणून की वस्तूच पांढरी आहे म्हणून, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तो एक सरधोपट हिशेब धरतो: समोर जे काही आहे त्याची सरासरी मध्यम करडी असणार. फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारं करडं कार्ड साधारण १८ टक्के उजेड परत फेकतं, ते या करड्याच्या जवळपासचं. गवत, रस्ता, माणसं, झाडं अशा रोजच्या दृश्यांची सरासरी खरंच तिथे येते, म्हणून एरवी आपल्याला काही जाणवत नाही.

ताजा बर्फ ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. मीटर तो बघतो, "फारच उजेड आहे" असं ठरवतो आणि एक्स्पोजर खाली ओढून बर्फाला करडा करून टाकतो. काळ्या मखमली पडद्यासमोर उलटा प्रकार होतो. परत येणारा उजेड इतका थोडा, की मीटर एक्स्पोजर वर ढकलतो आणि काळ्याचा धुरकट करडा होतो.

आता किती दुरुस्ती लागेल ते बोटांवर मोजता येतं. एक्स्पोजर एक स्टॉपने वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं. १८ ची दुप्पट ३६, पुन्हा दुप्पट ७२. म्हणजे करड्यापासून बर्फापर्यंत दोन स्टॉपपेक्षा किंचित जास्त अंतर आहे. खालच्या बाजूला १८ चे निम्मे ९, त्याचे निम्मे साडेचार. काळ्या कापडापर्यंतही साधारण दोनच स्टॉप. म्हणून फ्रेम काठोकाठ पांढरी असेल तर +२ च्या आसपास, काठोकाठ काळी असेल तर −२ च्या आसपास, आणि बहुतेक फोटो या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी.

बाजू लक्षात ठेवायची ती अशी: पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. बर्फावर डोळे दिपले तरी अधिक. सभागृहात मिट्ट काळोख असला तरी उणे.

एक पुस्ती जोडतो. हल्लीचे कॅमेरे फ्रेमचे अनेक भाग करून मोजतात आणि स्वतः थोडा अंदाज बांधतात. समोर बर्फ असावा असं त्यांना "वाटलं" तर ते काही दुरुस्ती परस्पर करून टाकतात. त्यामुळे हिशेबाने दोन स्टॉप आले तरी प्रत्यक्षात एक किंवा दीडवर काम भागतं. कॅमेऱ्याने स्वतःहून किती केलं हे तो सांगत नाही, म्हणून पाठांतर करून चालत नाही; एक फोटो काढून बघावाच लागतो.

## २. बटण शोधा आणि न बघता फिरवता येईपर्यंत फिरवा

खूण सगळीकडे सारखी: अधिक आणि उणे असलेला छोटा चौकोन. निकॉनवर शटरच्या बटणाजवळ असतं, ते दाबून धरून डायल फिरवायचा. कॅननच्या साध्या मॉडेलवर मागे Av +/− असं लिहिलेलं बटण असतं; वरच्या मॉडेलवर मागची मोठी चकती थेट फिरते. फुजी आणि सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर डोक्यावर स्वतंत्र डायलच असतो.

डायलची एक टकटक म्हणजे सहसा तृतीयांश स्टॉप. स्क्रीनवर ती 0.3, 0.7, 1.0 अशी दिसते. तीन टकटकी म्हणजे एक स्टॉप. थंडीत हातमोजे घालून हे आकडे बघत बसणं जमत नाही, टकटक मोजणं जमतं.

इथे पहिला सापळा आहे. मोड M असेल आणि ISO तुम्ही ठरावीक ठेवला असेल तर कॉम्पेन्सेशनने फोटोत काहीही बदलत नाही. काही कॅमेऱ्यांत मीटरचा काटा सरकतो आणि आपल्याला वाटतं काम झालं, पण शटर, अॅपर्चर आणि ISO तिन्ही आपण बांधून ठेवलेले असतात; बिचारा कॅमेरा बदलणार काय? कॉम्पेन्सेशन चालायला त्या तिघांपैकी निदान एक तरी कॅमेऱ्याच्या हातात असावा लागतो.

## ३. परस्पर उजळवणारी सेटिंग बंद करा

कॅननमध्ये Auto Lighting Optimizer, निकॉनमध्ये Active D-Lighting अशी सोय असते. नावं वेगळी, वृत्ती सारखी: सावल्या उजळवून फोटो "छान" करायचा. तुम्ही काळ्या पडद्यासाठी मुद्दाम उणे करता आणि ही सोय मागच्या दाराने तो फोटो परत उजळवते. मग आकडे बदलूनही अपेक्षेएवढा फरक का पडत नाही हे कळत नाही. शिकत असताना ती बंद ठेवा.

स्क्रीनचा ब्राइटनेसही आपोआप बदलणारा नको. उन्हातल्या बर्फावर स्क्रीन मंद वाटतो आणि अंधाऱ्या सभागृहात तोच स्क्रीन झगमगतो. दोन्ही ठिकाणी डोळा फसतो. म्हणून निवाडा हिस्टोग्रामवर करायचा.

मीटरिंगचा प्रकार आहे तोच, म्हणजे अख्खी फ्रेम बघणारा, राहू द्या. फ्रेममधला छोटासा ठिपकाच मोजणारं स्पॉट मीटरिंग कामाचं आहे, पण ते नेमकं कशावर धरलंय याचं भान सुटलं तर दर फोटोला वेगळा आकडा येतो.

## ४. बर्फ: एक फ्रेम शेवटपर्यंत

दुसऱ्या गुलमर्ग फेरीतलं उदाहरण घेतो. कोंगडोरीचाच उतार, सकाळचं स्वच्छ ऊन, फ्रेमचा पाऊण भाग बर्फ, वर सूचिपर्णी झाडांची बारीक काळी रेघ, मधे लाल जॅकेट घातलेला मुलगा. मोड A, ISO १००, अॅपर्चर एफ ८. म्हणजे कॅमेऱ्याच्या हातात फक्त शटर.

शून्यावर कॅमेऱ्याने दिलं १/१६००. हिस्टोग्रामचा उंचवटा बरोबर मध्यभागी. हीच राखाडी बर्फाची सही: पांढऱ्याने भरलेली फ्रेम आणि उंचवटा मधे.

+१ केल्यावर शटर झालं १/८००. बर्फ पांढरट दिसू लागला, तरी धुतलेल्या पण नीळ-इस्त्री न केलेल्या सदऱ्यासारखा. उंचवटा उजवीकडे सरकला, पण अजून बरीच जागा शिल्लक.

+१.७ वर १/५००. आता उंचवटा शेवटच्या चतुर्थांशात आला आणि उजव्या भिंतीच्या आधी बारीकशी फट राहिली. बर्फ पांढरा, आणि बुटांच्या खुणांमधली सावलीही दिसतेय. मुलाचा चेहरा पहिल्यांदा चेहऱ्यासारखा.

+२ वर १/४००. उंचवटा उजव्या भिंतीला चिकटला आणि "जळलेला" भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू असल्याने उन्हाकडच्या उताराचा मोठा पट्टा लुकलुकू लागला. तिथली वाऱ्याने उमटलेली रेघ न रेघ गेली. मी एक टकटक मागे आलो आणि +१.७ कायम केलं.

बर्फाचे सुटे कण हिऱ्यासारखे चमकतात, ते लुकलुकले तर सोडून द्या, ते जळणारच. अख्खा पट्टा लुकलुकला तरच मागे या. RAW मध्ये या सूचनेच्या पलीकडेही थोडी जागा उरते, कारण हिस्टोग्राम कॅमेऱ्याने बनवलेल्या JPEG वरून काढलेला असतो. पण एकदा खरोखर कोरा झालेला बर्फ कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. उलट राखाडी बर्फ नंतर उजळवता येतो, फक्त त्याबरोबर काळवंडलेल्या चेहऱ्यांवरची खरखरही वर येते.

तळहाताची परीक्षा इथेच. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो आणि माणसाचा वर्ण कसाही असला तरी तळव्यांत फरक फार नसतो. हातमोजा काढला, हात उन्हात धरला, फ्रेम तळहाताने पूर्ण भरली: शून्यावर १/१००० आलं. त्याला +१ दिलं की १/५००. म्हणजे बर्फाच्या वाटेने गेलो तरी १/५००, हाताच्या वाटेने गेलो तरी १/५००. हात मात्र ज्यावर ऊन पडतंय त्याच दिशेला धरायचा. स्वतःच्या सावलीत धरला तर उत्तर चुकतं. आणि फोकस झाला नाही तरी बिघडत नाही, आपल्याला फक्त आकडा हवा आहे.

मग मी वळून झाडीकडे कॅमेरा धरला. आता अर्धी फ्रेम काळपट झाडं, अर्धी बर्फ. शून्यावर आलं १/८००. मी बेसावधपणे +१.७ तसंच ठेवलं होतं, त्यामुळे बर्फ साफ कोरा झाला. झाडांच्या काळेपणाने बर्फाचा पांढरेपणा बराचसा खाल्ला होता, त्यामुळे इथे +०.७ च पुरे होतं. ८०० ला +०.७ दिलं की शटर किती? पुन्हा १/५००.

ऊन तेच, म्हणून बरोबर एक्स्पोजरही तेच. बदलली ती फक्त मीटरची चूक, आणि कॉम्पेन्सेशन त्या चुकीला दिलेलं उत्तर आहे. "बर्फाला +१.७" असं वहीत लिहून ठेवणारे इथेच फसतात, आकडा बर्फाला चिकटलेला नसतो, फ्रेममध्ये बर्फ किती आहे त्याला चिकटलेला असतो.

ढग उतरून सगळं सपाट पांढरं झालं, तर चमक आणि सावली दोन्ही नसतात. तेव्हा +२ पर्यंत निर्धास्त जाता येतं, भिंतीला चिकटणारं फारसं काही उरतच नाही.

आणि एक्स्पोजर बरोबर होऊनही बर्फ निळा दिसला, तर कॉम्पेन्सेशन वाढवत बसू नका. सावलीतल्या बर्फावर निळ्या आभाळाचाच उजेड पडतो. तो प्रश्न व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे रंगांची छटा सावरणाऱ्या सेटिंगचा. Shade किंवा Cloudy करून बघा.

## ५. पांढरी भिंत

पणजीचं चर्च ऑफ अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन सगळ्यांनी पाहिलंय: चुनखडीसारखा पांढरा दर्शनी भाग आणि खाली नागमोडी जिना. दर्शनी भागावर ऊन असताना, मागे निळं आभाळ घेऊन काढलं तर मला +०.७ ते +१ लागलं, बर्फाइतकं नाही. कारण स्वच्छ निळं आभाळ मीटरच्या दृष्टीने साधारण मध्यमच असतं, ते सरासरी खाली आणतं. कॅमेरा जवळ नेऊन फक्त भिंत आणि एक कमान घेतली की +१.३ च्या पुढे जावं लागलं.

भिंत उन्हात आणि माणूस सावलीत असेल तर मात्र या पद्धतीची मर्यादा येते. चेहऱ्याला पुरेसं अधिक केलं की भिंत कोरी. भिंत सांभाळली की चेहरा काळा. यावर डायलमध्ये उत्तर नाही. माणसाला उन्हात आणा, नाहीतर दोघांना सावलीत घ्या, नाहीतर फ्लॅश मारा.

घरातली पांढरी भिंत किंवा पांढऱ्या दुपट्यावर ठेवलेलं बाळ, हा बहुतेकांचा पहिला अनुभव. खिडकीच्या उजेडात कॅमेरा १/६० देत असेल तर +१.३ वर शटर १/२५ होतं. दुपटं पांढरं झालं, पण बाळाने पाय हलवला की पाय पुसला जातो. अधिकचा उजेड कुठून तरी आणावा लागतो हे घराबाहेरच्या उन्हात लक्षात येत नाही, घरात लगेच येतं. ISO वाढवा किंवा बाळाला खिडकीजवळ सरकवा. चेहरा ओळखून त्यावर मोजणारे कॅमेरे इथे आपली दुरुस्ती आधीच करून बसतात, त्यामुळे पहिला फोटो शून्यावर काढून बघितलेला बरा.

## ६. काळोखी दृश्यं

भाचीचं अरंगेत्रम होतं. मागे काळा पडदा, वर एक पिवळसर स्पॉटलाइट, फ्रेमच्या जेमतेम पाचव्या भागात ती. A मोड, एफ २.८, ISO ३२००. शून्यावर कॅमेऱ्याने १/४० दिलं. पडदा धुरकट करडा, त्याच्या चुण्या आणि एक ठिगळही दिसत होतं, आणि चेहरा म्हणजे नाक-डोळे नसलेला पांढरा गोल. शिवाय हाताच्या मुद्रा हललेल्या.

−१.७ केलं. शटर १/१२५ झालं, पडदा काळा, चेहऱ्यावर गाल आणि कपाळावरची बिंदी परत आली. काळोखात उणे करण्याचा हा फुकटचा फायदा आहे: शटर आपोआप वेगवान होतं. नवशिके अंधार बघून अधिक करतात आणि दोन्हीकडून मार खातात, चेहरा जळतो आणि फोटो हलतो. द्रुत लयीत १/१२५ ही पुरेना, म्हणून ISO ६४०० करून १/२५० केलं.

हिस्टोग्राम इथे बर्फाच्या उलटा दिसतो. मोठा ढीग डाव्या भिंतीला चिकटलेला, आणि उजवीकडे चेहऱ्याची आणि दागिन्यांची एक बुटकी टेकडी. डावीकडचा ढीग बघून घाबरू नका, तो पडदा आहे आणि तो काळाच हवा. लक्ष त्या टेकडीवर ठेवायचं: ती उजव्या भिंतीला टेकायला नको.

स्पॉट लाल झाला की वेगळाच घोटाळा होतो. साधा हिस्टोग्राम सगळं ठीक सांगतो, पण फोटोत लाल साडीचा आणि चेहऱ्याचा सपाट लाल ठोकळा झालेला असतो. कारण फक्त लाल रंग भरून वाहिलेला असतो. कॅमेऱ्यात तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दिसत असतील तर लालकडे बघा. तो भिंतीला टेकला असेल तर आणखी दोन-तीन टकटकी उणे.

## ७. उजेड तोच असेल तर आकडे बांधून टाका

भाचीच्या कार्यक्रमात झूम करून ती फ्रेमभर घेतली, तेव्हा −१.७ ने चेहरा काळा पडला, तिथे −०.७ च हवं होतं. लांबून घेतली की परत −१.७. दर झूमला डायल फिरवण्यात दोन नृत्यं निघून गेली, आणि तेवढ्यात डोक्यात उजेड पडला: झाडीकडे वळलो तेव्हा झालेली हीच ती चूक. स्पॉट बदलला नव्हता, फक्त पडद्याचा वाटा बदलला होता.

मग M मोड, ISO ६४००, एफ २.८, १/२५०. आता झूम काहीही असो, चेहरा तसाच. कॉम्पेन्सेशनने बरोबर आकडा शोधायचा आणि M मध्ये तो बांधायचा, असा हा दोन टप्प्यांचा खेळ आहे. बर्फावरही तसंच: ISO १००, एफ ८, १/५०० बांधलं की ऊन बदलेपर्यंत मीटरकडे बघायला नको. प्रकाशयोजनाकाराने स्पॉट बदलला किंवा ढग आला की मात्र नवा आकडा शोधावा लागतो. उजेड सारखा खेळत असेल तर A मोड आणि कॉम्पेन्सेशन हीच जोडी बरी.

## ८. फोनवर

स्क्रीनवर बर्फाला किंवा चेहऱ्याला बोट लावा, बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर सरकवली की अधिक, खाली की उणे. बोट दाबून धरलं तर बऱ्याच फोनमध्ये एक्स्पोजर तिथेच कुलूपबंद होतं. फोन स्वतः अनेक फोटो एकत्र करतो, त्यामुळे बर्फाला थोडंसंच सरकवावं लागतं. काळोखात मात्र नाइट मोड अंधाराची दुपार करतो. रंगमंचावर तो आधी बंद करा आणि मग पट्टी खाली घ्या.

## ९. निघताना शून्य

बरेच कॅमेरे बंद करून परत चालू केले तरी कॉम्पेन्सेशन विसरत नाहीत. M मध्ये जाण्याआधी मी डायल −१.७ वर ठेवला होता, तो तिथेच राहिला. कार्यक्रम संपल्यावर सभागृहाबाहेर सगळ्या नातेवाइकांचा एकत्र फोटो काढायला कॅमेरा परत A वर आणला, आजीला मधे खुर्चीवर बसवलं, तीन फोटो काढले आणि मंडळी जेवायला पांगली. तिन्ही फोटोंत आजीची पांढरी साडी तेवढी नीट दिसतेय, बाकी सगळे अंधारात.

तेव्हापासून कॅमेरा पिशवीत टाकण्याआधी अंगठ्याने डायल शून्यावर आणतो, आणि पिशवीतून काढल्यावर परत एकदा बघतो, कारण काढता-घालताना डोक्यावरचा डायल पिशवीच्या कडेला घासून दोन टकटकी फिरलेलाही सापडला आहे.